मशीनमध्ये धुतल्यावर पाचूत पांढऱ्या रेषा: खडा फुटला की तेल गेलं?

प्रश्न: आईची पाचूची अंगठी इथे मालवणात सोनाराकडे पॉलिशला दिली होती. त्याने मशीनमध्ये धुऊन दिली. आता खड्यात पांढऱ्या रेषा दिसतात आणि रंगही फिका वाटतो. खडा फुटला की मुळातच नकली होता? घरी खोबरेल तेल लावलं तर चालेल का?

उत्तर:

बहुधा दोन्ही नाही. खड्यातलं तेल गेलंय. आणि खोबरेल लावू नका, कारण खाली सांगतो.

पाचू जमिनीत तयार होतानाच त्यात बारीक चिरा आणि पोकळ्या राहतात. कोलंबियाच्या खड्यात तर भिंगाखाली कधीकधी एकाच पोकळीत खारट पाणी, हवेचा बुडबुडा आणि मिठाचा चौकोनी कण असे तिघे एकत्र दिसतात. स्वच्छ पाचू दुर्मीळ, त्यामुळे आत काही दिसलं म्हणून खडा खोटा ठरत नाही. उलट एकही डाग नसलेला मोठा पाचू स्वस्तात मिळाला तर मला शंका येते.

यातल्या ज्या चिरा पृष्ठभागापर्यंत आलेल्या असतात, त्यांत व्यापारी तेल भरतात. ही फसवणूक नाही, बाजारात सर्रास चालतं, फक्त विकताना सांगायला हवं. चिरेत हवा असली की प्रकाश तिथेच परततो आणि पांढरी रेष दिसते. प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा म्हणजे वक्रीभवनांक. पाचूचा तो साधारण १.५७ ते १.५८, चिरेत भरतात त्या सीडरच्या घट्ट तेलाचा १.५१ च्या आसपास, हवेचा मात्र १. तेल भरलं की प्रकाश जवळजवळ सरळ पार होतो, चीर दिसेनाशी होते आणि रंगही भरल्यासारखा वाटतो. चीर मात्र तिथेच असते.

अल्ट्रासोनिक मशीनच्या कंपनांनी आणि गरम साबणाच्या पाण्याने हे तेल बाहेर येतं. हिऱ्याला ते मशीन चालतं, तेल भरलेल्या पाचूला नाही. वाफेचं यंत्र आणि सॅनिटायझर, ॲसिटोनसारखी द्रावणंही तशीच. कंपनांनी जुनी चीर वाढूही शकते, म्हणून आधी तपासून घ्या. ट्यूबलाइटखाली दहापटीच्या भिंगातून खडा हळूहळू फिरवा. रेष एका कोनात चमकते आणि दुसऱ्या कोनात नाहीशी होते, पण कडा सलग आहेत, तर रिकामी चीर समजा. कडेला नख अडकलं किंवा शिंपल्यासारखी चकचकीत खपली दिसली, तर तुकडा उडालाय. मग अंगठी घालायची नाही.

तपासून झालं की खडा पुन्हा तेल भरून घेता येतो. हे काम जयपूरच्या खड्यांच्या बाजारात नेहमीचं आहे: जुना मळ आणि तेल काढायचं, खडा हळूहळू गरम करायचा, निर्वात भांड्यात चिरेतली हवा ओढून घ्यायची आणि तेल आत जाऊ द्यायचं. आधी खडा कोंदणातून काढावा लागतो. तेलच भरायला सांगा, रंगीत तेल किंवा रेझिन नको. रेझिन जास्त टिकतं, पण काही प्रकार वर्षांनी पिवळट किंवा धुरकट होतात आणि काढायला अवघड जातात. खडा मोठा असेल तर आधी लॅबचा दाखला घ्या. तेल किंवा रेझिन किती प्रमाणात भरलंय ते त्यात लिहितात, आणि किंमत त्यावर बरीच अवलंबून असते.

आता खोबरेल. त्याचा वक्रीभवनांक १.४५ च्या आसपास, म्हणजे सीडरपेक्षा चीर कमी झाकली जाते. शिवाय थंडीत बाटलीत गोठतं तसं चिरेतही गोठून पांढरं दिसेल आणि कालांतराने खवट होऊ शकतं. ते काढायला पुन्हा द्रावण लागेल, म्हणजे तुम्हीच खर्च वाढवाल.

पाचूची कठीणता मोह मापावर ७.५ ते ८ असते, त्यामुळे ओरखडे सहसा पडत नाहीत. पण चिरांमुळे तो ठिसूळ असतो आणि धक्क्याने फुटतो. बुधाचा खडा म्हणून करंगळीत घालतात, आणि नेमकं तेच बोट दाराच्या चौकटीवर आपटतं. नारळ सोलताना, मासे साफ करताना, भांडी घासताना अंगठी काढून ठेवा. कच्च्या दुधात बुडवायची प्रथा पाळायची तर क्षणभर बुडवून लगेच कोमट पाण्याने धुवा, रात्रभर ठेवू नका. माप लहानमोठं करायचं असेल तर सोनाराला सांगा, आधी खडा काढ, मग आच लाव. शक्य असेल तर खड्याच्या कडा झाकणारं कोंदण करून घ्या. नुसत्या चार पंजांवर बसवलेला पाचू कोपऱ्यावरच फुटतो.

घरी धुवायचं तर कोमट पाणी, बेबी शाम्पूचा एक थेंब, मऊ ब्रश आणि अर्धा मिनिट पुरे. भिजत ठेवू नका. कोंदण मागून बंद असेल तर पाण्यात बुडवूच नका, आत वर्ख असू शकतो. नुसत्या ओल्या फडक्याने पुसा.