वाईट बातमी सांगण्याचा सराव: ‘के’नंतर थांबायला शीक

वाईट बातमी सांगण्याच्या स्पाइक्स पद्धतीच्या सहा पायऱ्या तुला पाठ आहेत, पण ऑस्कीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बहुतेकांची गाडी ‘के’ म्हणजे बातमी सांगणं आणि ‘ई’ म्हणजे रुग्णाच्या भावना सांभाळणं, या दोन पायऱ्यांच्या मधेच अडते. म्हणून सरावाचा बराचसा वेळ तिथेच घाल.

समज, मोठ्या आतड्याच्या बायोप्सीत कॅन्सर निघालाय. आधी विचार, “ही तपासणी कशासाठी केली, याबद्दल तुम्हाला काय सांगितलंय?” रुग्ण म्हणाला, “मूळव्याध असेल म्हणाले,” तर बातमी किती लांबून आणायची ते कळतं. मग “रिपोर्टबद्दल आता बोलूया का?” असं विचारून परवानगी घे. त्यानंतर इशारा दे: “रिपोर्ट आपल्याला वाटला होता तसा आलेला नाही.” क्षणभर थांब आणि मग सरळ सांग: “हा आतड्याचा कॅन्सर आहे.” ‘गाठ’ किंवा ‘संशयास्पद पेशी’ म्हणालास, तर समोरचा सुटकेचा निःश्वास टाकतो आणि तुला तीच बातमी पुन्हा द्यावी लागते.

आता गप्प बस. ही शांतता असह्य होते, म्हणून विद्यार्थी लगेच ऑपरेशन आणि केमोवर घसरतात. त्यातलं रुग्णाच्या डोक्यात फारसं काही शिरत नाही. पहिला शब्द त्याला बोलू दे. “माझ्या मुलांचं काय?” हा प्रश्न माहितीचा नसतो, भीतीचा असतो. “मुलांची काळजी आधी मनात आली, साहजिक आहे,” एवढंच म्हण. उपचारांकडे वळायचं ते त्याने “आता पुढे काय?” असं विचारल्यावर, किंवा तो थोडा सावरल्यावर त्याला विचारून.

सरावात रुग्ण झालेल्या मित्राला मुद्दाम रागवायला सांग, परीक्षेत नुसतं रडणंच येतं असं नाही.