कुलर जळाला, तर क्लेम कशाचा?

भाऊ, घरात आग लागली आणि विम्याचा क्लेम करायचा असेल, तर नुकसान तपासणारा विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत काजळीच्या भिंती पुसू नका, जळका बोर्ड आणि वायरी तशाच ठेवा. आग कुठून सुरू झाली हे त्यावरूनच ठरतं. समजा, कुलरमध्ये शॉर्टसर्किट झालं. साधारण पॉलिसीत त्या कुलरचे पैसे मिळत नाहीत, पण तिथून पसरलेल्या आगीत पलंग, कपाट, पडदे जळाले तर त्यांचे मिळतात, घरसामानाचा विमा असेल तर. म्हणून यादीत कुलर वेगळा लिहा. कंपनीला त्याच दिवशी कळवा. महापालिकेच्या अग्निशमन विभागाचा अहवाल, फोटो, बिलं आणि दुरुस्तीचं एस्टिमेट जोडा. बिल हरवलं असेल तर बँकेचं स्टेटमेंट दाखवा. नियमानुसार सर्व्हेअरचा अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय व्हायला हवा. प्रत्येक कागद दिल्याची पोच मात्र घ्याच.