मेन स्विच गरम लागतोय, कमिटीला ईमेलमध्ये काय लिहू?

"जिन्याखालचा आमचा मेन स्विच रात्री गरम लागतो. सोसायटी कमिटीला ईमेल कसा लिहू?"

मागच्या मे महिन्यात मी पाठवला तो असा:

‘सेक्रेटरी साहेब, नमस्कार. आमचा ३२ अँपिअरचा मेन स्विच तीन रात्रींपासून तापतो आहे. रात्री १० वाजता एसी, कूलर, फ्रिज चालू असताना वायरमनने टाँग टेस्टर लावला तर लोड फक्त ११ अँपिअर. अर्ध्या तासात स्विचची उजवी बाजूच गरम झाली, डावी थंड. सकाळी ६ वाजता, २ अँपिअरवर, दोन्ही थंड. म्हणजे हा ओव्हरलोड नाही, उजवीकडचा स्क्रू ढिला किंवा कॉन्टॅक्ट जळका असावा. मीटरकडचा सप्लाय बंद करून तपासून घ्यावा.’

शेवटचं वाक्य गाळू नका. स्विच खाली पाडला तरी येणाऱ्या वायरीत करंट असतोच, म्हणून स्वतः झाकण उघडू नका. जळका वास आला तर मात्र ईमेल राहू द्या, थेट फोन करा.