नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा क्रम उलटा का?

प्रश्न: आयनीभवन ऊर्जेचा चढता क्रम मी कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन असा लिहिला. उत्तरसूचीत नायट्रोजन-ऑक्सिजन उलटे आहेत. असे अपवाद किती पाठ करायचे? त्रिज्या आणि विद्युतऋणतेलाही हेच लागू होतं का?

उत्तर: पाठ करू नका, शेवटचा इलेक्ट्रॉन कुठे बसलाय ते बघा.

आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकाची ओढ वाढते, हा नियम खरा आहे. पण नायट्रोजनचे तीन 2p इलेक्ट्रॉन तीन वेगवेगळ्या ऑर्बिटलमध्ये असतात, तर ऑक्सिजनच्या चौथ्याला कुणाशी तरी जोडी करावी लागते. जोडीतल्या प्रतिकर्षणामुळे तो एक इलेक्ट्रॉन थोडा स्वस्तात सुटतो. नायट्रोजन 1402, ऑक्सिजन 1314 किलोज्यूल प्रति मोल. कार्बन मात्र 1086 वरच आहे. म्हणजे ऑक्सिजन फक्त एका शेजाऱ्याच्या मागे गेला. मुलं नेमकी इथे घसरतात: अपवाद आठवतो आणि ऑक्सिजनला थेट कार्बनच्याही खाली नेऊन ठेवतात.

दुसरी जागा बेरिलियम-बोरॉनची, आणि तिचं कारण वेगळं आहे. बेरिलियमचा इलेक्ट्रॉन 2s मधून काढायचा असतो, बोरॉनचा 2p मधून. 2p ची पातळी वर असते, म्हणून बोरॉन 801 आणि बेरिलियम 899. तिसऱ्या आवर्तात मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम आणि फॉस्फरस-सल्फर या जोड्यांत हेच घडतं. फक्त फॉस्फरस 1012 आणि सल्फर 1000, इतका फरक किरकोळ होतो.

कारण समजलंय का, हे दुसऱ्या आयनीभवन ऊर्जेवरून कळतं. तुमचेच चार घ्या. आता इलेक्ट्रॉन धन आयनातून काढायचाय, म्हणून आधी प्रत्येकाचा एक इलेक्ट्रॉन कमी करा. ऑक्सिजनचा आयन आता 2p³ झाला, सगळे एकेकटे. फ्लोरिनचा झाला 2p⁴, त्यात एक जोडी. त्यामुळे क्रम कार्बन 2353, नायट्रोजन 2856, फ्लोरिन 3374, ऑक्सिजन 3388. ऑक्सिजन चक्क फ्लोरिनच्याही वर! 'नायट्रोजन मोठा' एवढंच घोकलेला इथे हमखास चुकतो.

त्रिज्या आणि विद्युतऋणतेत हा गोंधळ नाही. तिथे एकच इलेक्ट्रॉन उपटून काढायचा नसतो. विद्युतऋणता नायट्रोजन 3.04, ऑक्सिजन 3.44, फ्लोरिन 3.98 अशी सरळ चढते.

त्यांचा अपवाद गणात खाली जाताना सापडतो, तो गॅलियमचा. एक कवच वाढूनही त्याची त्रिज्या 135 पिकोमीटर, तर वरच्या ॲल्युमिनियमची 143. मधल्या दहा 3d इलेक्ट्रॉनांची आडकाठी तोकडी पडते आणि बाहेरच्यांवर केंद्रकाची ओढ जास्त लागते. त्याच कारणाने गॅलियमची विद्युतऋणताही जास्त आहे, 1.61 च्या जागी 1.81. आयनीभवन ऊर्जा मात्र 578 आणि 579, म्हणजे जवळपास सारखीच. या जोडीत त्रिज्या विचारली तर गॅलियम लहान असं बिनधास्त लिहा.