कर्जाच्या कागदाआधी महिन्याचा कागद

चि. ...
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. बेटिंगमध्ये किती गेले हे तू तीन ओळीत लिहिलंस आणि देणी दोन पानं, ते बरं केलंस. गेलेल्या पैशाचा हिशोब आता कुणी मागणार नाही. मी पतसंस्थेच्या वसुली खात्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे टेबलाच्या पलीकडचा माणूस काय बघतो तेवढंच सांगतो.

तुझी देणी अशी: क्रेडिट कार्ड 58,000, फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन 84,000 शिल्लक आणि हप्ता 4,850, मित्राकडून हातउसने 35,000, दोन लोन ॲप मिळून 19,000. एकूण 1,96,000. हा आकडा बघून तू घाबरलास, पण योजना या आकड्यावरून बनत नाही. ती पगारावरून बनते. हातात येतात 26,000. खोलीचं भाडं, मेस, प्रवास, रिचार्ज, घरी पाठवायचे चार हजार आणि किरकोळ धरून 17,000 जातात. उरले 9,000. त्यातले हजार बाजूला ठेव, नाहीतर पहिल्या तापाला किंवा टायर फुटल्यावर पुन्हा ॲप उघडशील. म्हणजे सगळ्या देणेकऱ्यांना मिळून महिन्याला 8,000. त्यावर एक रुपयाही कबूल करायचा नाही. दहा हजार कबूल करून दुसऱ्या महिन्यात बाऊन्स करणाऱ्याचं आमच्याकडे कुणी ऐकत नसे. पाच कबूल करून पाच भरणाऱ्याला मुदत वाढवून मिळायची.

आता बोलणी. कार्डाला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, आणि तू 'मिनिमम ड्यू' भरत बसलास तर त्यातलं बरंचसं व्याजातच जिरतं. बँकेला सांग, थकबाकीचे हप्ते पाडून द्या. वार्षिक 18 टक्क्यांनी 24 महिन्यांचे पाडले तर हप्ता साधारण 2,900 येतो. त्याच अर्जात कार्डाची मर्यादा कमी करायला किंवा कार्ड बंद करायला सांग. हे लोक विसरतात. हप्ता भरला की तेवढी मर्यादा पुन्हा मोकळी होते, आणि तुझ्यासारख्याला मोकळी मर्यादा म्हणजे पुढचा डाव.

फायनान्स कंपनीला मुदत वाढवून माग. 84,000 चे वार्षिक 24 टक्क्यांनी 36 महिने केले तर हप्ता 3,300 च्या आसपास बसतो. एकूण व्याज वाढेल, ते मान्य कर; आत्ता अडचण दर महिन्याच्या हप्त्याची आहे. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची करून घे, कारण खात्यात पैसे नसताना आलेला ऑटो-डेबिट परत गेला की बँकही दंड लावते आणि कंपनीही.

फोनवर काही ठरवायचं नाही. ईमेल करायचा, आणि तो असा साधा असू दे: "माझा मासिक पगार 26,000 आहे, आवश्यक खर्च 17,000 आहे. मी दरमहा 3,300 नियमित भरू शकतो. कृपया मुदत वाढवून सुधारित हप्त्यांचे वेळापत्रक लेखी द्यावे." सोबत पगारपत्रक आणि तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट. कारण विचारलं तर आजारपणाची गोष्ट रचू नकोस. स्टेटमेंटमध्ये कुठे पैसे गेले ते दिसतंच. "चुकीचा खर्च झाला, आता बंद आहे" एवढं पुरे.

वसुलीवाला म्हणेल, "आज वीस हजार टाका, खातं क्लोज करतो." कंपनीच्या ईमेलवरून पत्र आल्याशिवाय एक पैसा टाकू नकोस. आणि असं कमी रकमेत सेटलमेंट केलंस तर सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो, तो पुढच्या कर्जाला आडवा येतो. पूर्ण भरायची ऐपत असेल तर सेटलमेंटच्या मोहात पडू नये, असं माझं मत. वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. लेखी तक्रार केल्यावर कंपनीने 30 दिवसांत दाद दिली नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं.

कार्ड आणि लोन मिळून 6,200 झाले. उरलेले 1,800 कुणाला? सगळ्यात जोरात ओरडतंय ते ॲप, म्हणून तू त्यालाच आधी देत होतास. आवाज मोजू नकोस, कागद मोज. 12,000 च्या ॲपमागे नोंदणीकृत फायनान्स कंपनीचं नाव आहे आणि व्याजाचा तपशील देणारं पत्रकही तुझ्याकडे आहे. त्यांच्याशी वरच्याच पद्धतीने लेखी बोल. दरमहा 1,800 प्रमाणे व्याजासकट सात-आठ महिन्यांत संपेल. तोवर मित्राला तारीख सांगून थांबव, आणि नवव्या महिन्यापासून तेच 1,800 त्याला.

दुसऱ्या ॲपचं वेगळं आहे. 5,000 मंजूर, हातात 3,100, आणि सातव्या दिवशी 5,000 परत. आठवड्याला 3,100 वर 1,900! मुदत वाढवायला पुन्हा पैसे, असं करत ते 7,000 वर गेलं. कुठल्या बँकेचं वा फायनान्स कंपनीचं कर्ज आहे हे कुठेच नाही, आणि दर वेळी वेगळा यूपीआय आयडी. अशा आयडीवर भरलेला पैसा 'मिळालाच नाही' म्हणायला ते मोकळे असतात. नियमानुसार कर्ज देणाऱ्या ॲपला तुझी संपर्कयादी, फोटो किंवा कॉललॉग बघायचा अधिकारच नाही. म्हणून ॲप काढण्याआधी कर्जाचा तपशील, धमक्या, आयडी, नंबर यांचे स्क्रीनशॉट घे. मग परवानग्या काढ आणि ॲप उडव. 1930 वर फोन कर, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदव, तक्रार क्रमांक जपून ठेव. आणि त्यांच्याआधी तूच आपल्या माणसांना कळव: "माझ्या नावाने किंवा बनावट फोटोसह कुणी पैसे मागितले तर उत्तर देऊ नका, मला स्क्रीनशॉट पाठवा." या एका निरोपाने त्यांच्या हातातलं मुख्य हत्यार जातं. पुढे कधी ॲपवरून कर्ज घ्यायचीच वेळ आली, तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर कर्ज देणाऱ्या ॲपची यादी आहे, ती आधी बघ. एक कर्ज फेडायला दुसरं ॲप मात्र कधीच नाही.

घरून कुणी एकरकमी मदत देऊ केली तर ती तुझ्या खात्यात घेऊ नकोस. थेट कर्जखात्यात भरायला सांग. पगाराचं खातं आणि खर्चाचं खातं वेगळं कर. पगाराच्या खात्यातून हप्ते आपोआप जाऊ देत, उरलेले ताई आठवड्याला खर्चाच्या खात्यात टाकेल. तिच्याशी मी बोललो आहे, रागावलेली आहे, पण हो म्हणाली. रात्री बेटिंगची ओढ अनावर झाली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

सुधारित वेळापत्रक आलं की मला पाठव, सही करण्याआधी. प्रत्येक खातं संपलं की 'देणे बाकी नाही' असा दाखला मागून घे आणि महिन्या-दोन महिन्यांनी सिबिलवर ते बंद दिसतंय का तपास. दिसलं नाही तर त्याच दाखल्याने दुरुस्ती करून घ्यायची.

तुझा,
काका