वकिलाच्या वेबसाईटवर काय लिहिता येते?

प्रश्न: मी साताऱ्यात वकिली करते. वेबसाईट करून देणाऱ्याने पहिल्या पानावर “साताऱ्यातील अनुभवी घटस्फोट तज्ज्ञ, शेकडो समाधानी अशील, पहिला सल्ला मोफत” असे लिहिले आहे. खाली डिस्क्लेमर टाकला की हे चालेल का?

उत्तर:

नाही, चालणार नाही. वेबसाईट उघडताना “मी स्वतःहून ही माहिती घेत आहे” अशी चौकट दाखवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे. परंतु आत जाहिरात असेल, तर त्या चौकटीवर कोणी “मान्य” असे दाबल्याने ती जाहिरात राहत नाही, असे होत नाही.

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांतील ३६ वा नियम वकिलाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे काम मागण्यास आणि जाहिरात करण्यास मनाई करतो. २००८ मध्ये त्याला एक परंतुक जोडले गेले आणि परिशिष्टात नमूद केलेली माहिती वेबसाईटवर देण्यास मुभा मिळाली. ही यादी बंदिस्त आहे, हे ध्यानात घ्या. मंजूर तपशिलापेक्षा जास्तीचे काही घातल्यास तो नियमभंग मानला जाईल आणि अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली गैरवर्तनाची कारवाई होऊ शकेल, असे परंतुकातच म्हटले आहे. त्यामुळे “यात स्पष्ट मनाई कुठे आहे?” असे न विचारता “हे यादीत आहे का?” असे विचारावे.

यादी लहान आहे: नाव, पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल; सनद क्रमांक, सनदेची तारीख, मूळ सनद कोणत्या राज्य परिषदेची व सध्या नाव कोणत्या परिषदेच्या पटावर आहे, तसेच आपण कोणत्या वकील संघाच्या सभासद आहात; शैक्षणिक व व्यावसायिक पात्रता; आणि कामाची क्षेत्रे. दिलेली माहिती खरी असल्याचे निवेदनही सोबत द्यावे लागते. परंतुकात परिषदेला कळवण्याचा आणि तिच्या मान्यतेचा उल्लेख आहे, म्हणून वेबसाईट सुरू करण्यापूर्वी मजकूर लेखी कळवून त्याची पोच जपून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आता आपले वाक्य घेऊ. “समाधानी अशील” आणि “पहिला सल्ला मोफत” हे दोन्ही सरळ काढून टाका. पहिली स्वतःची शिफारस आहे आणि दुसरे काम मागणे आहे. “अनुभवी” हे विशेषणही जाईल, कारण सनदेची तारीख दिली की अनुभव किती ते वाचणाऱ्याला आपोआप कळते. खरी अडचण “तज्ज्ञ” या शब्दाची आहे. विशिष्ट प्रकारच्या कामातील प्रावीण्य वकिलाच्या पाटीवर दाखवू नये, असे ३६ वा नियम सांगतो, तर परिशिष्ट कामाची क्षेत्रे लिहू देते. दोन्ही पाळायचे तर क्षेत्राचे नाव लिहावे आणि त्यातील आपल्या दर्जाबद्दल काहीही लिहू नये. “कामाची क्षेत्रे: कौटुंबिक व दिवाणी प्रकरणे” एवढी ओळ पुरेशी आहे. कोणाला पोटगीसाठी वकील हवा असेल, तर त्याला यातून कळायचे ते कळते.

पान असे स्वच्छ केल्यावरही जाहिरात एका जागी शिल्लक राहते, आणि ती जागा सहसा कोणी तपासत नाही. गूगलवर आपल्या नावाखाली ज्या ओळी दिसतात, त्या बऱ्याचदा पानाच्या न दिसणाऱ्या भागातून घेतलेल्या असतात, आणि तयार साच्यावरून वेबसाईट करणारे तिथे सवयीने “बेस्ट लॉयर” भरून ठेवतात. तो भाग साधारण असा असावा:

```html
<title>ॲड. (आपले नाव), सातारा</title>
<meta name="description" content="कार्यालयाचा पत्ता, सनद क्रमांक व कामाची क्षेत्रे">
```

ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडून हे स्वतः पाहा. साच्यासोबत आलेली तारांकित मानांकने, अशिलांच्या अभिप्रायांची पट्टी आणि “आत्ताच बोला” म्हणत मध्येच उघडणारी खिडकी हेही त्याच वेळी काढायला सांगा. डोमेनसाठी आपले स्वतःचे नाव घ्यावे. त्यात “टॉप” किंवा “बेस्ट” नको.

वेबसाईट करणारा पुढे कदाचित गूगलवर पैसे भरून वर येण्याचा किंवा वकील शोधून देणाऱ्या पोर्टलवर नाव नोंदवण्याचा सल्ला देईल. पैसे भरून वर येणे ही जाहिरातच आहे. पोर्टलबाबत मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये, अशा मार्गाने काम मागणाऱ्या वकिलांवर शिस्तभंगाची कारवाई करण्याच्या सूचना राज्य परिषदांना द्याव्यात, असा निर्देश भारतीय विधिज्ञ परिषदेला दिला आहे.

कायद्याची माहिती देणारे लेख अनेक वकिलांच्या वेबसाईटवर दिसतात. यादीत लेख नाहीत, म्हणून मी ते या वेबसाईटवर ठेवणार नाही. लिहायचेच असेल तर वर्तमानपत्रात किंवा कायदेविषयक मासिकात लिहावे, आणि स्वतः चालवत असलेल्या किंवा चालवलेल्या प्रकरणाबद्दल तिथेही लिहू नये.