न उघडलेला रिपोर्ट

"मॅडम, वजन कमी करायचंय, पण आधी तपासण्या करा म्हणतात. त्यात काही निघालं तर? त्यापेक्षा थोडं वजन उतरवतो आणि मग करतो."

हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी आधी विचारते, घरात कोणाला काय झालं होतं? भांडुपचे हे गृहस्थ, वय ४६, वजन ८४ किलो, फोर्टमध्ये दिवसभर खुर्चीत हिशेबाचं काम. वडिलांच्या पायाचा अंगठा साखरेपायी कापावा लागला होता.

तिसऱ्या भेटीत कळलं, तपासणी त्यांनी केलीच होती. ऑफिसच्या शिबिरात बीपी १५२/९६ निघालं आणि धीर खचला. रक्ताचा रिपोर्ट अकरा दिवस व्हॉट्सॲपवर न उघडता पडून होता.

"बीपी मोजण्याआधी काय करत होतात?"

"स्टेशनवरून धावत आलो, चहा घेतला, लगेच हात पुढे केला."

असं मोजलेलं बीपी वाढलेलं दिसू शकतं. अर्धा तास आधी चहा-कॉफी नको. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. मी त्यांना आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ असं मोजून वहीत लिहायला लावलं. सरासरी १२८/८२ आली. घरी ती १३५/८५ किंवा जास्त आली असती, तर आधी डॉक्टर गाठायला सांगितलं असतं.

रिपोर्टला मात्र ते हात लावेनात. भीती टाळाटाळीवर पोसते हे माझं जुनं मत, म्हणून समजूत घालत बसले नाही.

"रिपोर्टवर नाव कोणाचं आहे?"

"माझं."

"मग त्यात वडिलांचा अंगठा कसा असेल?"

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग माझ्यासमोरच फाइल उघडली. उपाशीपोटी साखर १०८, एचबीए१सी ५.९, ट्रायग्लिसराइड्स २१०. त्या क्षणी मला कळलं, त्यांना आकड्यांची भीती नव्हतीच. ते वडिलांचा शेवट आपल्या नावावर वाचत होते.

एचबीए१सी म्हणजे साधारण गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. इथे वजन पाच-सात टक्के उतरलं, त्यांच्या बाबतीत चार ते सहा किलो, तरी मधुमेहाचा धोका बराच घटतो. "आधी वजन, मग तपासणी" केलं असतं तर सुरुवात कुठून झाली हेच कळलं नसतं. आणि साखरेच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण एकदम कमी केलं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. अशांनी डोसचं डॉक्टरांशी आधी बोलावं. जिना चढताना छातीत दुखत असेल, तर व्यायाम सुरूच करू नये, डॉक्टरांकडे जावं.

त्यांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून चालायला परवानगी दिली. तीन महिन्यांनी वजन ८०. नवा रिपोर्ट आला तेव्हा ते घरी परतत होते. लोकलमध्ये, कुर्ल्याच्या आसपास, उभ्या उभ्याच त्यांनी तो उघडला आणि मला फोन केला: "मॅडम, ५.६."